एसीतला फोन आणि पत्र्याखालचा फोन

एप्रिलात सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानातून ३८ हजारांचा फोन घेतला. विक्रेत्याने फोनचा वेग मोजणाऱ्या अंतुतू ॲपचा भलामोठा आकडा दाखवला, बीजीएमआय गेमचा एक डाव खेळू दिला. "आत व्हेपर चेंबर आहे दादा, तापणारच नाही." मी भुललो.

घरी तिसऱ्या डावापासून खेळ अडखळायला लागला. सेकंदाला ६० फ्रेम होत्या त्या ३५ वर आल्या, स्क्रीनही आपोआप अंधूक झाली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, फोनमध्ये दोष नाही. वाईट म्हणजे ते खरंच बोलत होते.

बहुतेक फोनना पंखा नसतो. चिपची उष्णता पाठीतून हवेत जाते, आणि पाठ साधारण ४३-४४ अंशांवर गेली की हात पोळू नये, बॅटरी जपावी म्हणून फोन स्वतःच चिपचा वेग उतरवतो. व्हेपर चेंबर उष्णता फक्त पसरवतो; ती बाहेर टाकायची हवेनेच. दुकानात एसी २४ वर, म्हणजे पाठ आणि हवेत २० अंशांचा फरक. आमच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी ३८, म्हणजे फरक उरला सहाचा. उष्णता बाहेर पडण्याचा वेग साधारण या फरकावर ठरतो, म्हणजे घरी तो तिपटीहून जास्त घटला. वर मी चार्जर लावून खेळायचो, तो मूर्खपणा माझाच.

अंतुतू काही मिनिटांत संपतं, तोवर फोन पुरता तापतच नाही. मग 3DMark ॲपमधली Wild Life Stress Test लावली. ती एकच चाचणी सलग २० वेळा, २० मिनिटं चालवते. माझ्या फोनचा सर्वोत्तम फेरा १०,२००, सर्वात खालचा ५,७००. स्थिरता, म्हणजे खालचा आकडा वरच्याच्या किती, ५६ टक्के. मावसभावाच्या २७ हजारांच्या फोनचे आकडे ६,३०० आणि ६,१००. म्हणजे तापल्यावर त्याचाच फोन पुढे, आणि ११ हजार मी जास्त मोजलेले! टक्केवारीवरही जाऊ नका; संथ फोनही ९९ टक्के दाखवू शकतो. बघायचा तो सर्वात खालच्या फेऱ्याचा आकडा.

दुकानदाराने फोन परत घेतला नाही. "तुमच्या घरातच ऊन जास्त," म्हणाला. सोलापुरात धंदा करून!

गेल्या महिन्यात धाकट्यासाठी फोन घ्यायला दुसऱ्या दुकानात गेलो. चार्जर काढला, ब्राइटनेस निम्म्यावर ठेवला आणि ही चाचणी लावायला सांगितली. "वायफाय नाही," म्हणे. मी माझा हॉटस्पॉट दिला. एसीतही बाराव्या फेऱ्यापासून आकडा घसरायला लागला, तेव्हा त्याने दुसरा डेमो फोन काढला. त्या दुकानात मी एकूण तास-सव्वा तास बसलो. दोन चहा झाले.