गोषवारा एकसलग ठेवावा की चार मथळ्यांत मोडावा?

शोधनिबंध तयार आहे, गोषवाराही एका परिच्छेदात लिहून झाला आहे, आणि मार्गदर्शक म्हणतात, "पार्श्वभूमी, पद्धत, निरीक्षणे, निष्कर्ष असे मथळे करून आणा." प्रबंध तपासताना असे गोषवारे माझ्यासमोर सतत येतात. बहुतेक जण जुन्या परिच्छेदात चार ठिकाणी मथळे घालून आणतात. तेवढ्याने काम होत नाही, हे एका उदाहरणावरून दाखवते. उदाहरण समजावण्यापुरते रचलेले आहे, आकडेही काल्पनिक आहेत.

आधी एकसलग रूप:

"गर्भवतींमधील रक्तक्षय ही मोठी आरोग्यसमस्या आहे. लोहाच्या गोळ्या मोफत मिळत असल्या तरी अनेक जणी त्या नियमित घेत नाहीत. नियमितपणासाठी समुपदेशन आणि घरच्यांची साथ महत्त्वाची असते. १२० गर्भवतींचा अभ्यास केला असता फोनवरून आठवण करून दिलेल्या गटात हिमोग्लोबिन लक्षणीय वाढल्याचे दिसले. त्यामुळे सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांनी ही पद्धत तातडीने सुरू करावी."

वाचायला हे सरळ वाटते. पण चार रंगांच्या पेनांनी वाक्यांखाली रेघा ओढा. पाचपैकी तीन वाक्ये पार्श्वभूमीची निघतात, शेवटचे निष्कर्षाचे. पद्धत आणि निरीक्षणे मिळून एकच वाक्य उरते, आणि त्यातला "केला असता" दोघांना असा जोडतो की मधले काय गळले ते कळतच नाही. दोन गट कसे पाडले? फोन किती वेळा केले? हिमोग्लोबिन कधी मोजले? दुसऱ्या गटात काय झाले? सलग वाक्याच्या ओघात हे प्रश्न वाचणाऱ्याला पडत नाहीत. खरे तर लिहिणारीलाही पडत नाहीत.

आता तेच चार मथळ्यांत:

पार्श्वभूमी: लोहाच्या गोळ्या मोफत मिळत असल्या तरी अनेक गर्भवती त्या नियमित घेत नाहीत. आठवड्यातून एकदा फोनवरून आठवण करून दिल्याने हिमोग्लोबिनच्या वाढीत फरक पडतो का, हे पाहणे हा उद्देश होता.

पद्धत: एका ग्रामीण रुग्णालयात रक्तक्षय असलेल्या १२० गर्भवतींची नोंद केली. सोमवारी तपासणीला येणाऱ्या ६० जणींना गोळ्यांसोबत दर आठवड्याला फोन केला, गुरुवारी येणाऱ्या ६० जणींना फक्त गोळ्या दिल्या. सुरुवातीला आणि १२ आठवड्यांनी हिमोग्लोबिन मोजले.

निरीक्षणे: फोनच्या गटातील ५२ आणि दुसऱ्या गटातील ४९ जणी शेवटच्या तपासणीला आल्या. हिमोग्लोबिनची सरासरी वाढ अनुक्रमे १.४ आणि ०.९ ग्रॅम प्रति डेसिलिटर होती. फरक ०.५ (९५ टक्के विश्वास-अंतराल ०.२ ते ०.८).

निष्कर्ष: फोन केलेल्या गटात हिमोग्लोबिनची वाढ थोडी जास्त दिसली. गट यादृच्छिक पद्धतीने पाडले नव्हते, त्यामुळे हा फरक फोनमुळेच पडला असे म्हणता येत नाही.

शेवटचे वाक्य पाहा. एकसलग गोषवाऱ्यात "तातडीने सुरू करावी" इथवर मजल गेली होती. पद्धतीच्या मथळ्याखाली सोमवार-गुरुवार लिहावे लागले तेव्हा कळले की दोन्ही गटांतल्या बायका मुळातच वेगळ्या असू शकतात. एखाद्या गावाची एसटी सोमवारीच असेल, तर तिथल्या साऱ्या जणी एकाच गटात जमणार. निरीक्षणांखाली आकडे आले, तेव्हा "लक्षणीय"मागे अर्ध्या ग्रॅमचा फरक होता हे दिसले, आणि १९ जणी मध्येच गळाल्या हेही उघड झाले.

वैद्यकात ही रीत याच गरजेतून आली. १९८७ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसीन'मध्ये असा मथळ्यांचा गोषवारा सुचवला गेला. अभ्यास आपल्या रुग्णांना लागू पडतो का, त्याची पद्धत भरवशाची आहे का, हे डॉक्टरला चटकन पारखता यावे हा हेतू होता. आज वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही मूळ संशोधनासाठी असाच गोषवारा मागते. मथळ्यांची नावे मात्र सगळीकडे सारखी नाहीत. 'लॅन्सेट'मध्ये तिसरा मथळा 'फाइंडिंग्ज' आणि चौथा 'इंटरप्रिटेशन' असतो. म्हणून पाठवण्याआधी त्या नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना उघडून तिथलेच शब्द घ्यावेत.

मराठीत लिहिताना आणखी एक अडचण येते. आपण "निष्कर्ष" हा शब्द अभ्यासात आढळलेल्या गोष्टीलाही वापरतो आणि त्यावरून काढलेल्या अनुमानालाही. तिसऱ्या मथळ्याला "निष्कर्ष" आणि चौथ्याला "समारोप" म्हटलेले मी पुष्कळदा पाहते, आणि मग तिसऱ्यात आकड्यांसोबत मतेही शिरतात. "परिणाम" घेतला तर तो उपचाराचा परिणाम वाटतो. मी तिसऱ्याला "निरीक्षणे" आणि चौथ्याला "निष्कर्ष" असे कटाक्षाने ठेवते.

मग एकसलग गोषवारा कधी ठेवावा? जिथे पद्धत आणि निरीक्षण वेगळे काढताच येत नाहीत, तिथे. मोडी कागदपत्रांवर काम करणारा अभ्यासक एका महजरातल्या शब्दाचा अर्थ लावतो, त्या अर्थावरून दुसऱ्या कागदाची तारीख बदलते, आणि बदललेल्या तारखेवरून पहिला शब्द पुन्हा वाचावा लागतो. या मांडणीचा जीव "म्हणून", "पण", "तरीही" या जोडशब्दांत असतो. मथळे घातले की तेच आधी तुटतात. गणितातला सिद्धांत किंवा साहित्याची समीक्षा यांचेही तसेच. नैसर्गिक विज्ञानातही सगळीकडे मथळे नसतात. 'नेचर' आपल्या शोधलेखांना सलग परिच्छेदच ठेवते.

शब्दमर्यादेचा प्रश्न मात्र खरा आहे. वरचे दुसरे रूप पहिल्याच्या दुपटीहून लांब झाले. परिषदेची मर्यादा २५० शब्दांची असेल तर आधी पार्श्वभूमी कापावी. तिला दोन वाक्ये पुरतात, एक अडचणीचे आणि एक उद्देशाचे. निरीक्षणांतले आकडे आणि गळतीची संख्या कापू नये. सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरचे नाव, नीतिमत्ता समितीची मंजुरी, "पुढील संशोधनाची गरज आहे" हे वाक्य, यांतले काही कुणी मागितले नसेल तर ते गोषवाऱ्यातून निघाले तरी चालते.

मोडणीला बसताना मी वरून खाली लिहीत नाही. आधी प्रबंधातला मुख्य तक्ता उघडून निरीक्षणे लिहिते. मग त्या प्रत्येक आकड्याला "हा कसा मिळाला?" असे विचारून पद्धत, त्यानंतर निष्कर्ष, आणि सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी. मग दोन तपासण्या. पद्धतीत जे मोजले म्हटले ते निरीक्षणांत आहे का, आणि निरीक्षणांत आलेले प्रत्येक मोजमाप पद्धतीत आहे का? उद्देशाचे वाक्य आणि निष्कर्षाचे पहिले वाक्य शेजारी ठेवून वाचले तर प्रश्नोत्तरासारखे जुळते का? हिमोग्लोबिनचा प्रश्न विचारून उत्तर बायकांच्या समाधानाचे दिले असेल, तर ते इथे सापडते.

दोहोंपैकी ठरत नसेल आणि अभ्यासात मोजमाप असेल, तर मथळ्यांचा गोषवारा आधी लिहावा. नियतकालिकाला एकसलग हवा असला तरीही. मथळे काढून चार-पाच जोडशब्द घातले की सलग परिच्छेद अर्ध्या तासात होतो. उलट दिशेने जायचे तर गळलेली माहिती शोधायला नोंदवह्या पुन्हा काढाव्या लागतात, आणि तोवर त्या रुग्णालयातली आपली मुदत बहुधा संपलेली असते.