रीटेस्टिंग आणि रिग्रेशन: कापसाच्या काट्यावरचा एक बग

यवतमाळकडच्या जिनिंगमधलं काट्याचं ॲप घ्या. भरलेली गाडी 18.40 क्विंटल, रिकामी 5.55, निव्वळ वजन 12.85 यायला हवं, ॲप 12 दाखवायचं. शेतकऱ्याचा 85 किलो कापूस गायब! डेव्हलपरनं वजनाला दशांश जोडले.

रीटेस्टिंगमध्ये नव्या बिल्डवर तेच दोन आकडे, त्याच क्रमानं टाकायचे. 12.85 आलं तर बग बंद, नाही तर पुन्हा उघडायचा. काम एवढंच.

रिग्रेशनमध्ये आधी नीट चालणारं बिघडलं का, ते बघायचं: रक्कम, पावती, दिवसाची बेरीज. 7000 भावानं स्क्रीनवर 89950 बरोबर आले; पावतीवर मात्र वजन लांबल्यामुळं शेवटचं शून्य कापलं जाऊन 8995 छापलं. नुसत्या रीटेस्टिंगला हे कधीच दिसलं नसतं.