सोसायटीसाठी बहावा: छोटी पिशवी की मोठी?

कंपाउंडलगत ४० बहावे लावायचे आहेत. समजा, नर्सरीने दोन दर दिले: दीड फुटी रोप ६० रुपये, सात फुटी झाड ४५०. फरक नुसत्या उंचीचा नाही. मोठ्या झाडाने नर्सरीत दोन-तीन पावसाळे काढलेले असतात. पिशव्या बदलणं, रोजचं पाणी, शिवाय वाटेत मेलेल्या रोपांचा खर्चही त्याच्याच किमतीत चढतो. छोटं घेतलं की ती मर तुमच्या अंगावर येते.

घाऊक दर ४५ आणि ३८० मिळाला, तर १,८०० विरुद्ध १५,२००. पण छोट्याला जाळी हवीच. ३०० रुपयांची धरली तर १२,००० आणखी. दहा मेली तर बदलीचे ४५०. झाले १४,२५०. मोठ्याला चाळीसेक रुपयांच्या बांबूचा आधार पुरतो, म्हणजे १६,८००.

मग मोठंच घ्यावं? आधी एखादी पिशवी फाडून बघा. मुळांनी तळाशी वेटोळी घातली असतील, तर ते झाड काही काळ हिरवंगार दिसेल आणि पुढे वादळात आडवं होईल. माळी नियमित येत असेल तर मी छोटंच घेईन. बदलीची हमी मात्र पुढचा उन्हाळा संपेपर्यंतची, बिलावर लिहून घ्या. पावसाळ्यापुरती हमी कोणीही देतं.