आठ महिने ग्रेडियंट मॅप वापरल्यावर: लाल होडी पाण्यात का विरघळते

शिमग्याआधी वाडीच्या पालखीचं पोस्टर मी फोटोशॉपमध्ये ड्युओटोन, म्हणजे दोनच रंगांत केलं. फोटो हर्णै बंदरातला, हिरवट-निळ्या पाण्यावर लाल रंगवलेली होडी. त्यावर गडद निळ्यापासून केशरीपर्यंतचा ग्रेडियंट मॅप लावला, म्हणजे गडद भाग निळा आणि उजळ भाग केशरी. डोलकाठी आणि झेंडे छान उठून दिसत होते, म्हणून पन्नास प्रती छापल्या. होडीवाले काका पोस्टरपुढे उभे राहून म्हणाले, "अरे, यात माझी होडी कुठंय?" खरंच, होडीचं अंग पाण्यात मिसळून गेलं होतं. छपाईचे पैसे गेलेच, वर रंगजोडीचा दोष समजून तयार ग्रेडियंटचा एक संचही विकत घेतला. तो खर्च अजून सलतो, कारण एकाही रंगजोडीने होडी परत आली नाही.

त्या रागात हे फीचरच बिनकामाचं, असं माझं मत झालं होतं. ते आता बदललंय.

ग्रेडियंट मॅप मूळ रंग बघत नाही, फक्त उजेड बघतो. तो मोजताना ढोबळमानाने लाल ३० टक्के, हिरवा ५९ टक्के आणि निळा ११ टक्के धरला जातो. लाल, हिरवा, निळा या क्रमाने होडीचे आकडे होते २००, ६०, ४०. पाण्याचे ६०, ११५, १३०. हिशोब केला तर दोन्हींचा उजेड १०० च्या आसपास! मग दोघांना एकच रंग मिळणार.

मला सगळ्यात जास्त फसवलं ते तपासणीने. `Hue/Saturation` मध्ये सॅच्युरेशन -100 करून, म्हणजे रंग पूर्ण काढून पाहिलं, तर होडी वेगळी दिसत होती. कारण ते वेगळं गणित आहे: सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा, यांची सरासरी. होडी १२०, पाणी ९५. खरी तपासणी एकच, आधी काळा-पांढरा ग्रेडियंट लावून बघणं. तिथे होडी दिसली नाही तर कुठल्याच रंगजोडीत दिसणार नाही.

उपाय म्हणजे `Gradient Map` च्या खाली `Black & White` ची लेयर, तिथे प्रत्येक रंगाचा उजेड वेगळा ठरवता येतो. सुरुवातीला तिथे `Reds` 40 आणि `Cyans` 60 असतं. मी `Reds` 110 वर नेलं, `Cyans` 20 वर आणलं. होडी केशरी झाली, पाणी निळं राहिलं, आणि नव्या प्रतीत काकांना होडीची कडही दिसली.

एक गोष्ट अजून खटकते. `Reds` वाढवलं की माणसांच्या चेहऱ्यांचाही उजेड वाढतो, कारण त्वचेत लाल-पिवळाच जास्त. पुढच्या फोटोत नाखव्याचे नाक-डोळे सपाट केशरी झाले. तिथे `Black & White` लेयरच्या मास्कवर मऊ ब्रशने चेहऱ्यापुरता काळा भरावा लागतो. एका चेहऱ्याला दोन मिनिटं, पण पालखीच्या गर्दीच्या फोटोला अख्खी संध्याकाळ. म्हणून गर्दीचे फोटो मी आता ड्युओटोनसाठी घेतच नाही.