गजकर्ण, तीन ट्यूब आणि सात आठवड्यांच्या गोळ्या: सात महिन्यांनंतरचा अनुभव

जूनमध्ये चिपळुणात पावसाने ठाण मांडलं आणि माझ्या जांघेत खाज सुटली. आधी रुपयाएवढा चट्टा, मग तो गोल पसरत गेला. कड लाल, फुगलेली, खवल्यांची. मधली कातडी जवळजवळ नितळ. आई बघताक्षणी म्हणाली, "गजकर्ण आहे रे." मेडिकलवाल्याने ट्यूब दिली. दुसऱ्याच दिवशी खाज गायब. पण लावणं थांबवलं की आठवड्याभरात परत, आणि आधीपेक्षा जास्त. ऑगस्ट संपेपर्यंत तीन ट्यूब झाल्या. चट्टे कमरेपर्यंत पोचले, गोल आकार पुसट झाला आणि जांघेत जांभळट रेघा उमटल्या.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ट्यूब हातात देऊन मागची बारीक अक्षरं मलाच वाचायला लावली: क्लोबेटासोल, ओफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. गजकर्ण होतं बुरशीमुळे, आणि बुरशीवरचं औषध त्यात एकच, शेवटचं. क्लोबेटासोल हे जबर स्टेरॉइड. ते खाज आणि लाली दाबतं, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबतं, म्हणून आराम वाटत असताना बुरशी आतून पसरत होती. रेघाही त्याच्याच, कातडी पातळ झाल्याच्या. शिवाय सध्या भारतात पसरलेल्या बुरशीवर टर्बिनाफिन बऱ्याचदा लागूच पडत नाही.

मग त्यांनी कडेचे खवले ब्लेडने हलकेच खरवडून काचेवर घेतले, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. फांद्या फुटलेले बारीक धागे! ती बुरशी.

आधी लिव्हरची आणि साखरेची तपासणी झाली, हृदयाचा काही त्रास आहे का हेही विचारलं. मग बुरशीवरचं पोटात घ्यायचं औषध, इट्राकोनाझोल 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, भरपेट जेवणानंतर. मी रोज ॲसिडिटीची गोळी घेत होतो, ती बंद करायला लावली, कारण पोटात आम्ल कमी असलं की ही कॅप्सूल नीट शोषली जात नाही. सोबत लुलिकोनाझोल हे बुरशीवरचंच क्रीम, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जागेपर्यंत. ही मात्रा माझ्यापुरती. बघून डॉक्टरांनीच ठरवायची.

पहिला आठवडा फार वाईट गेला. स्टेरॉइड सुटल्यामुळे खाज उसळली, रात्र रात्र झोप नाही. बाईंनी आधी सांगितलं नसतं तर मी नक्की जुनी ट्यूब शोधली असती. तिसऱ्या आठवड्यात कड सपाट झाली. कातडी साफ दिसू लागल्यावरही औषध दोन आठवडे चालू ठेवलं, एकूण सात आठवडे.

बायकोच्याही छातीखाली चट्टा निघाला. तिचे उपचार त्याच वेळी सुरू केले नसते तर आम्ही एकमेकांना परत परत देत राहिलो असतो. टॉवेल वेगळे केले. पावसात चड्ड्या दमटच राहायच्या, त्या गरम पाण्यात धुऊन, उलट्या करून, इस्त्री फिरवूनच घालायचो. अंघोळीनंतर जांघ कोरडी केल्याशिवाय कपडे नाहीत.

आता जानेवारी. खाज नाही. काळपट डाग हळूहळू फिके होताहेत. कड परत उठली तरच घाबरायचं, नुसत्या डागाला नाही. रेघा मात्र जाणार नाहीत, असं बाईंनी स्पष्ट सांगितलंय.