कापसाचं टोकन फ्लॅगच्या आड: एका हंगामानंतर `django-waffle`चा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची वेबसाइट मी सांभाळतो. खत-बियाण्याची मागणी, चुकाऱ्याचा हिशेब, सभासदांची खाती हे सगळं तिच्यावर रोज चालू असतं. यंदा तिच्यात एक मोठी सोय आणायची होती: कापूस जिनिंगवर कोणत्या दिवशी आणायचा याचं टोकन सभासदाने घरूनच घ्यायचं, म्हणजे वजनकाट्यासमोर रात्रभर गाड्या उभ्या राहणार नाहीत. काम काही महिन्यांचं होतं. तेवढे दिवस कोड बाजूला साठवून ऐन वेचणीत एकदम जोडायचा, यात धोका फार. म्हणून अर्धवट कोडसुद्धा चालू साइटवर चढवत जायचा, पण फ्लॅगच्या, म्हणजे सोय कोणाला दाखवायची हे ठरवणाऱ्या खुणेच्या आड, असं ठरवलं. साइट जँगोवर असल्याने `django-waffle` हे फ्लॅगचं पॅकेज घेतलं. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही. फ्लॅग आपल्याच डेटाबेसमध्ये राहतात आणि अ‍ॅडमिनमधून उघड-बंद करता येतात.

बसवणं सोपं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. महत्त्वाचं आहे ते फ्लॅग कुठे तपासायचा हे. टेम्प्लेटमधलं 'टोकन घ्या' बटण लपवलं की काम झालं असं वाटतं, पण पत्ता माहीत असलेला माणूस थेट पानावर पोचतो. आणि पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरायला वेळ लागत नाही. त्यामुळे खरी तपासणी सर्व्हरवर, व्ह्यूमध्येच हवी:

```python
@login_required
@waffle_flag("token_navin")
def navin_token(request):
    ...
```

फ्लॅग बंद असेल तर `waffle_flag` सरळ ४०४ देतो. इथे वरच्या दोन ओळींचा क्रम जपा. `waffle_flag` वर ठेवला तर लॉगिन संपलेल्या सभासदाला आधी फ्लॅगची तपासणी लागते. तो कोण हे साइटला अजून माहीत नसतं, त्यामुळे त्याला लॉगिनच्या पानाऐवजी 'पान सापडलं नाही' दिसतं. एसएमएसमधल्या लिंकवरून येणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास घडतं.

पहिल्या टप्प्यात सोय कोणाला दाखवायची, यासाठी वॅफलमध्ये टक्केवारी देता येते. दहा टक्के लिहिलं की साधारण तेवढ्या लोकांना नवं पान दिसतं. खेड्यात हे मला अजिबात पटलं नाही. वॅफल टक्केवारीचा निकाल ब्राउझरच्या कुकीत लिहून ठेवतो, म्हणजे निवड माणसाची होत नाही, ब्राउझरची होते. आमचे बरेच सभासद गावातल्या सेवा केंद्रावरून लॉगिन करतात. त्या एका संगणकाला 'हो' मिळालं की तिथे येणाऱ्या सगळ्यांना नवं पान दिसणार. त्यातलाच एखादा घरी मुलाच्या मोबाइलवरून गेला तर त्याला ते दिसेलच असं नाही. 'काल होतं, आज कुठं गेलं?' असं विचारणाऱ्याला काय सांगायचं? त्यामुळे अ‍ॅडमिनमध्ये 'चाचणी-गाव' नावाचा ग्रुप केला, आधी जिनिंगजवळच्या एका गावाचे सभासद त्यात टाकले आणि फ्लॅगला तो ग्रुप जोडला. माणूस कुठूनही आला तरी उत्तर एकच. अडचण आली तर कोणाला फोन करायचा हेही ठाऊक.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाला चकवते. वॅफलच्या फ्लॅगमध्ये `superusers` हा पर्याय मुळातच चालू असतो. म्हणजे ज्याच्या हाती अ‍ॅडमिनचं मुख्य खातं आहे त्याला नवी सोय दिसते, इतर कोणाला दिसत नसली तरी. उघड आहे की बंद, हे साध्या सभासदाच्या खात्यातून पाहिल्याशिवाय सांगू नका.

सगळ्यात विचित्र लक्षण दिसलं ते दुसरं गाव जोडल्यावर. केंद्र चालवणाऱ्या दादांचा फोन आला, "भाऊ, पान एकदा दिसते, पुन्हा रिफ्रेश केलं का गायब होते." कारण कॅशमध्ये होतं. वॅफल प्रत्येक वेळी डेटाबेसला न विचारता फ्लॅगची माहिती जँगोच्या कॅशमध्ये ठेवतो. कॅश ठरवून दिला नसेल तर जँगो प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीत वेगळा ठेवतो. गनिकॉर्नचे चार वर्कर असतील तर बदल सेव्ह करणाऱ्या वर्करला तो लगेच कळतो, बाकीचे जुनीच माहिती धरून बसतात, साधारण पाच मिनिटं. कोणती विनंती कोणत्या वर्करकडे जाते यावर पान दिसतं किंवा जातं. रेडिससारखा सगळ्या वर्करचा मिळून एक कॅश लावला की हे थांबतं. हा दोष काही मिनिटांत आपोआप मिटल्यासारखा दिसतो, म्हणून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. पण घाईने सोय बंद करायची असते तेव्हा तीच मिनिटं महाग पडतात.

तशी वेळ आलीच. अवकाळी पावसाने यार्डातला कापूस झाकायची धावपळ सुरू झाली आणि नवी टोकनं तात्काळ थांबवायची होती. फ्लॅगचा `everyone` हा पर्याय 'नाही' केला की ग्रुप, टक्केवारी, अ‍ॅडमिन सगळ्यांना डावलून सोय बंद होते. पण ज्यांनी आधीच टोकन घेतलं होतं त्यांचं काय? पूर्ण सोयीवर एकच फ्लॅग असता तर त्यांना स्वतःचं टोकनही दिसलं नसतं, आणि रात्री आठवणीचे एसएमएस मात्र ठरल्याप्रमाणे गेले असते: 'उद्या कापूस घेऊन या.' फ्लॅग फक्त कोडची वाट अडवतो. डेटाबेसमध्ये पडलेल्या नोंदी तशाच राहतात. हे ध्यानात घेऊन सोयीचे तीन भाग केले होते. नवं टोकन देणं `token_navin` फ्लॅगच्या आड. घेतलेलं टोकन पाहणं आणि रद्द करणं कायम उघडं. एसएमएस पाठवणं वेगळ्या स्विचवर, कारण ते काम पाठीमागे सेलरीत चालतं, तिथे कोणाची विनंती नसते आणि फ्लॅगला माणूस ओळखता येत नाही. स्विच फक्त चालू किंवा बंद असतो:

```python
if switch_is_active("token_sms"):
    athvan_pathva(token)
```

त्या संध्याकाळी दोन्ही बंद केले. टोकनधारकांना त्यांच्याच पानावर 'तारीख पुढे ढकलली आहे' असं दिसलं.

माझी एक तक्रार आहे: कोणता फ्लॅग आता निरुपयोगी झाला आहे, हे वॅफल आपणहून सुचवत नाही. जुना फ्लॅग किती घात करू शकतो, याचं उदाहरण ऑगस्ट २०१२ मधलं अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या कंपनीचं. त्यांनी जुन्या, बंद पडलेल्या सोयीचा फ्लॅग नव्या कामासाठी पुन्हा वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढला नव्हता, तिथे त्याच फ्लॅगने जुना कोड जागा केला. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. म्हणून आमच्याकडे फ्लॅगचं नाव पुन्हा वापरायचं नाही, आणि `note` या रकान्यात तो कधी काढायचा हे बनवतानाच लिहायचं.

काढण्याचाही क्रम आहे. डेटाबेसमधला फ्लॅग आधी पुसला आणि कोडमध्ये तपासणी राहिली, तर वॅफल न सापडलेल्या फ्लॅगला 'बंद' समजतो, आणि सगळ्या सभासदांची चालू सोय क्षणात नाहीशी होते. आधी कोडमधल्या सगळ्या तपासण्या काढायच्या, तो कोड सगळ्या सर्व्हरवर चढवायचा, आणि मगच:

```
./manage.py waffle_delete --flags token_navin
```

`token_sms` स्विच मात्र आम्ही ठेवला आहे, कारण पाऊस पुढच्या हंगामातही विचारून येणार नाही.