टाइमलाइन आधी की कागद? हाताशी असलेल्या क्लिपांतून फिल्म जुळवण्याच्या दोन रीती

चित्रणाआधी काढलेला स्टोरीबोर्ड आणि चित्रण संपल्यावर, हाताशी असलेल्या क्लिपांवरून काढलेला स्टोरीबोर्ड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात काय टिपायचे हे ठरते, तर दुसऱ्यात जे टिपले गेले आहे त्यातून काय जुळते आणि काय राहून गेले आहे हे कळते. हा लेख दुसऱ्याबद्दलच आहे. शंभर-दोनशे क्लिपा संगणकात पडून असताना संकलनाचे सॉफ्टवेअर उघडून थेट टाइमलाइनवर बसावे, की आधी एक-दोन तास कागदावर घालवावेत, असा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यासाठी मी दोन्ही रीती एकाच सामग्रीवर करून पाहिल्या. ती हकीकत पुढे देतो.

सामग्री होती कोल्हापूरकडच्या एका गुऱ्हाळघराची. दोन दिवसांत टिपलेल्या 186 क्लिपा होत्या, त्यांची एकूण लांबी सुमारे 130 मिनिटे होती, आणि त्यांतून तीन मिनिटांची, निवेदनाशिवायची फिल्म करायची होती. ऊस चरकात जातो, रस काहिलीत येतो, त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की मळी वर येते व ती काढून टाकतात, रस आटून पाक होतो, गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडून गोळी बनते का ते पाहतो, मग काहील उतरवून पाक वाफ्यात ओततात आणि शेवटी ढेपा पडतात. क्रम ठरलेला असलेला असा विषय टाइमलाइनवर सरळ रचता येईल, असे मलाही वाटले होते.

पहिल्यांदा मी तसेच केले. सर्व क्लिपा आत घेतल्या, एकेक उघडून `I` आणि `O` या कळांनी आवडलेला भाग निवडला आणि टाइमलाइनवर टाकत गेलो. तीन संध्याकाळी गेल्यावर हाती जे आले ते सात मिनिटांचे होते आणि त्यातली जवळपास तीन मिनिटे नुसत्या उकळत्या रसाची होती. याचे कारण उघड आहे: वाफेतून उन्हाची तिरीप आलेली काहील दिसायला सुंदर असते, आणि टाइमलाइन आपल्यापुढे एका वेळी एकच क्लिप ठेवते, त्यामुळे प्रत्येक सुंदर क्लिप स्वतःच्या गुणावर आत शिरते. तिच्यासारख्या आणखी दहा क्लिपा आधीच बसल्या आहेत, हे दिसायला पट्टी मागेपुढे सरकवावी लागते. शिवाय क्रम पक्का होण्याआधीच मी कट चार-चार फ्रेमनी इकडेतिकडे करत बसलो होतो. इतके बारीक काम झालेला तुकडा नंतर काढून टाकायला हात धजत नाही, हे संकलन करणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

दुसऱ्यांदा मी ती टाइमलाइन बाजूला ठेवली आणि सर्व क्लिपा पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या. 130 मिनिटांचे चित्रण थांबत, टिपणे करत पाहायला चार तास लागले. कागदी रीतीचा खरा खर्च हाच आहे आणि तो टाळता येत नाही. वहीत क्लिपचा क्रमांक, वापरता येईल असा भाग कोठे सुरू होतो, तो किती सेकंद टिकतो आणि त्यात काय आहे, एवढेच लिहिले. उदाहरणार्थ `C0047.MP4`, 00:12 पासून 6 सेकंद, मळी झाऱ्याने काढताना हात. वापरण्याजोग्या 62 क्लिपा निघाल्या.

त्या प्रत्येकीसाठी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाचा एक तुकडा घेतला आणि त्यावर 8 सेंटिमीटर रुंद व साडेचार सेंटिमीटर उंच चौकट आखली, म्हणजे पडद्याचे 16:9 हे प्रमाण आपोआप साधते. चौकटीत तीनच गोष्टी काढायच्या: मुख्य वस्तू चौकटीत किती मोठी दिसते, ती कोठे आहे, आणि हालचाल कोणत्या दिशेला आहे. माणसाचे डोके म्हणजे एक वर्तुळ, काहील म्हणजे एक लंबगोल, हालचाल म्हणजे एक ठसठशीत बाण. चित्रकला येत नाही म्हणून कागदापासून दूर राहणाऱ्यांनी ही धास्ती सोडावी, कारण बरे चित्र काढायला गेलात तर वेळ जातो आणि उपयोग काहीच होत नाही. चौकटीखाली क्लिपचा क्रमांक आणि सेकंद मोठ्या अक्षरांत लिहायचे. एका कार्डाला दोनेक मिनिटे लागतात, म्हणजे दोन तासांचे काम झाले.

रेखाटण्याऐवजी फ्रेम छापून का घेऊ नयेत, असे कोणी विचारील. तीही रीत चांगली आहे. वॉल्टर मर्च यांच्यासारखे नामवंत संकलक चित्रणातल्या निवडक स्थिरचित्रांचे फलक भिंतीवर लावून काम करत आले आहेत. पण त्यांच्याकडची सामग्री कित्येक तासांची असते आणि छायाचित्रावरून चेहऱ्यावरचा भाव जाणवतो, तो त्यांना हवा असतो. छोट्या कामात मला रेखाटन सरस वाटले, कारण छापील फ्रेम पुन्हा आपल्या सौंदर्याने भुलवते, उलट रेखाटलेल्या अकरा काहिली म्हणजे अकरा सारखेच लंबगोल असतात. ते ओळीने जमिनीवर मांडले तेव्हा आठ मी स्वतःहून उचलले. टाइमलाइनवर तीन संध्याकाळींत जे जमले नव्हते, ते येथे पाच मिनिटांत झाले.

कार्डे सतरंजीवर मांडल्यावर आणखी दोन दोष दिसले, आणि दोन्ही टाइमलाइनवर असूनही माझ्या नजरेतून सुटले होते. पहिला दिशेचा. काहील वाफ्याकडे नेतानाच्या दोन क्लिपांपैकी एकीत बाण डावीकडून उजवीकडे होता, तर दुसरीत उलटा, कारण मधल्या वेळात मी कॅमेरा घेऊन पलीकडच्या बाजूला गेलो होतो. पाहणाऱ्याला ही माणसे काहील परत घेऊन चालली आहेत असे वाटले असते. एक क्लिप आरशासारखी उलटवून पाहिली, पण मागच्या पोत्यावरची अक्षरे उलटी झाली. शेवटी मध्ये चुलीतल्या जाळाचा, कोणतीच दिशा नसलेला क्लोजअप घातला आणि दोष झाकला गेला. दुसरा दोष होता रिकाम्या जागेचा. पाक वाफ्यात ओततानाची एकच क्लिप होती आणि तीत भिंगावर वाफ धरलेली होती. कागदावर या जागी मी कोरे कार्ड ठेवले. पूर्ण प्रक्रियेतला मुख्य क्षण नेमका हाच आणि तेथेच कोरे कार्ड, हे डोळ्यांत सलणारे होते. टाइमलाइनवर मात्र शेजारच्या क्लिपा एकमेकींना चिकटून बसतात, त्यामुळे भोक दिसतच नाही. या ठिकाणी खराब क्लिपचा फक्त आवाज घेऊन तो गुळव्याच्या चेहऱ्यावर वाजवायचे ठरवले.

कागदाची सर्वांत मोठी मिळकत मात्र मी धरलीच नव्हती. कार्डे गोळा करून गुऱ्हाळावर नेली आणि गुळव्यापुढे मांडली. त्यांनी एका नजरेत दोन कार्डांची अदलाबदल केली आणि म्हणाले, “पावणं, भेंडी आदी पडती, मग मळी वर येती. तुमी उलटं लावलंय.” मी मळी काढण्याच्या क्लिपा अगोदर लावल्या होत्या, कारण त्या फाइलींच्या क्रमात अगोदर होत्या, त्या आदल्या काहिलीच्या होत्या, हे माझ्या लक्षातून गेले होते. लॅपटॉपवरच्या टाइमलाइनपुढे हे गृहस्थ भिडस्तपणे गप्प बसले असते, याबद्दल मला शंका नाही. ज्यांना सॉफ्टवेअर हाताळता येत नाही, पण विषय ज्यांचा आहे, अशांची संमती घ्यायची असेल तर कार्डांना तोड नाही.

आता कागद कोठे फसवतो तेही सांगायला हवे. सर्व कार्डे एकाच आकाराची असतात, म्हणून दीड सेकंदाचा आणि नऊ सेकंदांचा शॉट नजरेला सारखेच भरतात. 41 कार्डांची माझी मांडणी आटोपशीर दिसत होती, पण खालच्या सेकंदांची बेरीज 214 आली, म्हणजे 34 सेकंद जादा. सहा कार्डे काढली तेव्हा ती 180 वर आली. ही बेरीज केली नाही तर कागदाचा अर्धा फायदा वाया जातो. त्याहून वाईट म्हणजे कार्डावर उजेड दिसत नाही. चरकाचे दोन शॉट मी शेजारी ठेवले होते. त्यांतला एक दुपारच्या उन्हातला आणि दुसरा रात्रीच्या ट्यूबलाइटखालचा निघाला आणि टाइमलाइनवर कट धक्का बसावा तसा लागला. तेव्हापासून मी कार्डाच्या कोपऱ्यात दिवसासाठी पिवळा व रात्रीसाठी निळा ठिपका देतो. आवाजाचेही तसेच आहे. चरकाची घरघर एका शॉटमध्ये कानठळ्या बसवणारी असते आणि पुढच्यात नाहीशी होते, हे कागदाला कळत नाही. हालचाल कोठे पूर्ण होते आणि कट नेमका कोणत्या फ्रेमवर पडावा, हा निर्णय तर टाइमलाइनवरच घ्यावा लागतो. त्यासाठी कागदावर वेळ घालवणे व्यर्थ आहे.

त्यामुळे कोणाला काय सुचवावे, हे सामग्रीवर अवलंबून आहे. कारागिरीची प्रक्रिया, प्रवास, उत्सव अशा, दृश्यांवरच चालणाऱ्या आणि क्लिपा साठ-सत्तरच्या वर असलेल्या कामात मी आता कागदाशिवाय बसत नाही. क्लिपा वीस-पंचवीसच असतील तर त्या डोक्यात मावतात. तेथे सरळ टाइमलाइन उघडावी. मुलाखतीवर उभ्या असलेल्या फिल्मला रेखाटनाचा उपयोग थोडाच, कारण तेथे क्रम शब्दांनी ठरतो. मुलाखत लिहून काढून त्या कागदावर वाक्ये खुणावणे जास्त कामाचे आहे आणि कार्डे फक्त बोलण्यावर घालायच्या दृश्यांपुरती करावीत. गाण्याच्या ठेक्यावर कापायचा तुकडा असेल तर कागद आडच येतो, कारण ठेका ऐकल्याशिवाय काहीच ठरत नाही. संध्याकाळी टिपून रात्री द्यायचे काम असेल तर चार तास पाहण्यालाच नसतात, मग निवड उरतच नाही.

वेळेचा हिशेब माझ्यापुरता असा झाला: पाहण्याला चार तास, कार्डांना दोन, सतरंजीवर व गुऱ्हाळावर मिळून दोन, आणि नंतर कार्डांवरचे क्रमांक पाहत टाइमलाइनवर पहिली जुळणी करायला दीड तास. पहिल्या वेळच्या तीन संध्याकाळी भरल्या होत्या नऊ-दहा तासांच्याच, म्हणजे वेळ वाचला असे म्हणता येणार नाही. फरक एवढाच की त्या वेळी हाती सात मिनिटे होती आणि काय कापावे ते कळत नव्हते, तर या वेळी पहिली जुळणी 3 मिनिटे 6 सेकंदांवर उभी राहिली आणि उरलेली संध्याकाळ उजेड व आवाज जुळवण्यात गेली. मांडलेल्या कार्डांचा एक फोटो मात्र आठवणीने काढून ठेवावा. माझी सतरंजी दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी झटकून घडी घालून ठेवली होती.